भांडवलात धरलेलं नाक

आक्कानं मला वाचवलं. हे आधी लिहून टाकतो, कारण एकदा सांगायला बसलो की मी माझ्याच रडगाण्यात गुंततो आणि जिचे उपकार ती बाजूला राहते. आक्का सदलग्याची. निपाणीत राहून वखारीत तंबाखू निवडणारी बाई, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. "माझं नाव कुठं लिहू नको बाबा, लोक म्हणतील म्हातारी मिरवती," असं तिनं बजावून ठेवलंय. म्हणून आक्का एवढंच. तिचंच नाव नाही तर मग इतरांची तरी कशाला!

मी घाटाखालचा. मराठी चौथीत असताना शाळा सुटली आणि आंबोलीचा घाट चढून पोटामागं निपाणीला आलो. वखारीत आधी पोती उचलली, मग चाळण धरली, आणि बऱ्याच वर्षांनी पारखी झालो. शेतकरी तंबाखूचा बोद घेऊन यायचा. बोद म्हणजे ठासून भरलेलं मोठं पोतं. त्यात कोपरापर्यंत हात खुपसायचा, अगदी मधली मूठ बाहेर काढायची, तळहातावर चुरायची आणि नाकाशी न्यायची. पानाचा रंग, त्यावरचे तांबडे ठिपके डोळ्यांना दिसतात. पान किती कडक ते बोटांना कळतं. पण वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला आणि वरवर वाळवलेला माल आतून कुबट होऊ लागला असेल, तर ते नाकाशिवाय कशालाच कळत नाही. तसला एक बोद जर विडीच्या जर्द्यात मिसळला, तर सगळी रास वाया जाते. पारख्याला पगार मिळतो तो त्या एका वासासाठी.

आणि माझा तोच वास गेला.

कधी गेला ते सांगता येत नाही. पावसाळा संपताना खोलीवर आमटी शिजत होती, मी शेजारी बसून बायकोला पत्र लिहीत होतो. शेजारचा ओरडत आला, "अहो, जळतंय की सगळं!" खोलीभर धूर, आणि मला काही नाही. त्या दिवसापासून मी लसूण चुरून बघे, कापूर हुंगे, रॉकेलची बाटली नाकाखाली धरे. कधी कुठंतरी लांबून आल्यासारखा थोडा वास यायचा, कधी तेही नाही. वैद्यबुवांनी नाकात तूप सोडायला सांगितलं, सोडलं. निलगिरीचा वाफारा घेतला. वीस वर्षांची तंबाखूची धूळ, ती काय तुपानं निघते?

वखारीत हे फक्त आक्काला कळलं. एकदा एक मूठ हुंगून मी "चालेल" म्हणालो आणि ती माझ्याकडं बघतच राहिली. दुपारी भाकरी खाताना म्हणाली, "व्हय रं, सर्दी झाली काय तुला?" मी भाकरी मोडत राहिलो. "सर्दी न्हाय," तीच म्हणाली. "आई गं!" म्हणाली आणि फडकं झटकून कामाला उठली. पण दुसऱ्या दिवसापासून बोदातली मूठ तीच काढू लागली, आणि माझ्यासमोर सुपात धरायची ती एका ठरावीक तऱ्हेनं. माल चांगला असला की मूठ सुपाच्या मधोमध, कुबट असला की कडेला. मी हुंगल्यासारखं करायचो आणि सुपाकडं बघून सांगायचो. असे दोन महिने गेले. तिला मी सांगितलं नव्हतं आणि तिनं मला पुन्हा विचारलं नव्हतं.

त्यातच मंदीनं वखार बंद झाली. मालकानं दिवाळीनंतर सगळ्यांना बोलावून हात जोडले. दुसऱ्या वखारींतही माणसं कमी करायचंच चाललं होतं, आणि कुणी घेतलं असतं तरी तिथं आक्का कुठली? दोन दिवसांत उघडा पडलो असतो. घाटाखाली बायको दोन पोरांना घेऊन आपल्या भावाकडं राहत होती. तिच्या पत्रात तक्रार कधी नसायची, त्या वेळच्या पत्रात एवढंच होतं: 'वहिनी आता भात मोजून शिजवतात.' ते वाक्य मी इतक्यांदा वाचलं की कागद घडीवर फाटला. येत्या हंगामात काही जमलं नाही तर रिकाम्या हातानं घाट उतरायचा, आणि उतरून तरी काय करायचं? मला येत होतं ते एकच काम, आणि तेही आता येत नव्हतं.

तेव्हा दोस्ताची आठवण झाली. झाली म्हणजे काय, ती होतीच. जायचं धाडस होत नव्हतं. हा माझा दोस्त जैन शेतकऱ्याच्या घरातला. तरुणपणी धंदा शिकायला आमच्याच वखारीत आला होता. पोत्यांच्या एकाच थप्पीवर आम्ही आडवे व्हायचो. तो सूर्य बुडायच्या आत जेवणार, मी नंतर. म्हणून वखारीत आमची चेष्टा व्हायची, की हे एक दिवसाचं गिऱ्हाईक आणि हे एक रात्रीचं. वडील वारल्यावर तो घरच्या शेतीकडं गेला. आता चिकोडीच्या रस्त्याला त्याची मोठी शेड होती, दोन गाड्या होत्या. घर एकत्र होतं, आणि त्याच्या चुलत्यांच्या सहीशिवाय घरातला पैसा हलत नसे. त्या चुलत्यांना सगळे आप्पा म्हणायचे.

मी आधी कागद तयार केला. तोंडानं सांगायला गेलो असतो तर रडलो असतो. चार दिवस खाडाखोड करून शेवटी स्वच्छ उतरवून काढला. त्यात होतं ते असं. हजार रुपये त्यानं घालायचे, तीनशे मी. तेवढीच माझी शिल्लक होती. खरेदी, निवड, जर्दा करणं माझ्याकडं. शेड, गाड्या, रोकड, किल्ली आणि विडीवाल्यांकडून वसुली त्याच्याकडं. पन्नास रुपयांच्या वरची खरेदी दोघांना विचारून. नफ्यातून आधी दोघांच्या पैशांना सारखंच व्याज, आणि उरलेल्यात सोळा आण्यांतले नऊ त्याचे, सात माझे. तोटा आला तर ज्याची जेवढी रोकड त्या मानानं. मला महिन्याला पंधरा रुपये उचल, तीही माझ्या वाट्यातनं कापून. आणि पहिला हंगाम चाचणीचा: शिवरात्रीपासून दसऱ्यापर्यंत. दसऱ्याला कुणाचं मन फिरलं तर दुसऱ्यानं भांडण न करता वेगळं व्हायचं, ज्याची त्याची रक्कम रोख नाहीतर मालात परत.

तीनशेला सात आणे कसे, हे कुणीही विचारणार. म्हणून त्या ओळीपुढं मी लिहिलं: 'माझे भांडवल रोख रुपये तीनशे व पारख.' चाचणीचा हंगामही मी घातला तो त्याच्यासाठी नव्हे. तोवर नाक परत येईल, नाही आलं तर गुपचूप वेगळा होईन, असा माझा हिशेब होता.

दुपारी उन्हं कलायच्या वेळी मी शेडवर गेलो. मला बघून दोस्त उठलाच. "आलास व्हय रं! मला वाटलं, तू आता वखारीच्या भिंतीत बसवलंस स्वतःला." गूळ-पाणी झालं. मी कागद पुढं केला. त्यानं वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली.

"कागद कशाला रं? माझ्यावर इश्वास न्हाय?"

"विश्वास आहे म्हणूनच. तुझ्यावरचा माझा राहू दे, माझ्यावरचा तुझाही राहू दे."

"लई बोलाय शिकलास." तो पुन्हा वाचू लागला. "किल्ली माझ्याकडं, रोकड माझ्याकडं. मग तू काय, नुसता हुंगत बसणार?"

हसून म्हणाला. "हो," मी म्हणालो. "हुंगत बसणार."

"आणि ही चाचणी? ही न्हाय मला पटत. आपण काय नवी बैलजोडी हाय काय, नांगराला जुंपून बघायची?"

"असू दे ती."

"का?"

"मंदी आहे," एवढंच म्हणालो. त्यानं खांदे उडवले. सूर्य खाली जात होता, त्याला जेवायला उठायचं होतं. जाताना म्हणाला, "आप्पास्नी दाखवतो. ते येतील परवा सकाळी. चार मुठी बघशील त्यांच्यासमोर, म्हंजे झालं. आप्पांचं तसंच असतंय. गाय घेताना दूध काढून बघतात, मग तुझं नाक का सोडतील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. इतके दिवस जे दोघांनाही ठाऊक होतं ते पहिल्यांदा तोंडानं बोललो. म्हणालो, "तुम्ही चला. बायकांची मुकादम म्हणून तुम्हालाच घेणार आहे. सूप तुम्ही धरा. उद्याचा एक दिवस."

तिनं तांदळातला खडा काढून टाकला. "बघू," म्हणाली.

"बघू नका आक्का, चला म्हणा. माझी पोरं..."

"येते की रं. शेडवर येते."

आता आठवलं की कळतं, येते एवढंच ती म्हणाली होती. मी त्यातच पुढचं सगळं ऐकून घेतलं.

सकाळी ऊन चांगलं वर आलं होतं. आप्पा शेडमध्ये घोंगडीवर बसले होते. पांढरी टोपी, सडपातळ माणूस, आवाज हळू. समोर तीन बोद. माझा कागद त्यांच्या मांडीवर, आणि 'पारख' या शब्दावर त्यांचं बोट. "ह्या एका शब्दाचं चार-पाचशे रुपये धरलंयस तू," ते म्हणाले. "सात आणे तेवढ्यानंच होतात. चूक न्हाय. चांगला पारखी तेवढ्याचा असतो. बघू."

आक्कानं पहिल्या बोदात हात घातला, मूठ काढली, सुपात मधोमध ठेवली. मी चुरली, हुंगली, म्हणालो, "चांगला. काळ्या रानातला, पुरा पिकलेला." आप्पांनी मान हलवली. दुसरी मूठही मधोमध. पण तिचं पान हाताला मऊ लागत होतं, ठिपके कमी. "मध्यम. भेसळीला चालेल, एकटा नको." आप्पा दोस्ताकडं बघून हसले. "हौदु," कानडीत म्हणाले. बरोबर. दोस्तानं माझ्या पाठीवर थाप मारली. एवढी जोरात, की हातातला चुरा सांडला.

तिसऱ्या बोदात आक्कानं हात घातला. काढला. मूठ नाकाजवळून नेली, आणि सुपात टाकली. टाकली म्हणजे पसरली. तळहातानं सगळ्या सुपावर सारखी पसरली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मधोमध नाही, कडेला नाही. आणि सूप माझ्यापुढं धरलं.

मी तिच्याकडं बघितलं. ती सुपाकडं बघत होती.

मी पान उचललं. रंग चांगला, ठिपके भरपूर, बोटाखाली कुरकुरतंय. नाकाशी नेलं. काही नाही. पुन्हा नेलं, डोळे मिटून ओढलं. कोऱ्या कागदाचा वास घ्यावा तसं. मला वाटलं 'चांगला' म्हणावं. माल दिसत तर होता चांगला. अर्धी शक्यता होतीच की. मग त्या अर्ध्या शक्यतेवर माझ्या दोस्ताचे हजार रुपये, त्याच्या घरचे, आप्पांच्या सहीचे, माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. आणि मागं घाटाखालचा तो मोजून शिजवलेला भात. दोन्ही एकदमच.

"काय रं?" दोस्त म्हणाला. "झोपलास व्हय?"

"मला कळत नाही," मी म्हणालो.

"आँ?"

"वासच येत नाही मला. पावसाळ्यापासून येत नाही. वखारीत आक्काच सांगायच्या, मी नुसता बोलायचो. कागदावर पारख लिहिलीय ती माझ्याकडं नाही."

आप्पांनी आक्काकडं सूप मागितलं नाही, नुसतं तिला म्हटलं, "तू सांग." आक्का म्हणाली, "पाणी मारलंय. वर ऊन दाखवलंय, आत कुजाय लागलाय. आठ दिवसांत कळंल कुणालाबी." आप्पा म्हणाले, "मलाबी ठावं होतं. मीच ठेवलाय तो." कागद घडी करून त्यांनी मांडीखाली ठेवला.

दोस्त मात्र उठला. त्याचा चेहरा इतका पांढरा झालेला मी कधी पाहिला नव्हता. "परवा हितंच बसलावतास," तो म्हणाला. "मी इश्वासाचं विचारलं तवा काय म्हणालास? माझ्यावरचा तुझा राहू दे म्हणालास! नाक गेलं तर गेलं की रं. माझा बाप गेला तवा तू माझ्याजवळ रातभर बसलावतास, मी काय तुला नाकासाठी हाकललो असतो?" आणि चपला न घालताच तो शेताकडं निघून गेला.

मी खोलीवर आलो. कपडे बांधले. बांधायला फार नव्हतं. बायकोला पत्र लिहायला बसलो तर 'येतो' या शब्दापुढं काय लिहावं ते सुचेना. आक्कावर राग आला होता, खोटं कशाला सांगू. दोन महिने सुपाच्या कडेनं मला जगवलं आणि नेमक्या त्या दिवशी सोडलं. दुपारी तीच आली. मी म्हणालो, "का केलंत असं?"

"काय केलं? येते म्हणाले, आले. सूप धरा म्हणालास, धरलं."

"पोरांचं सांगितलं होतं मी तुम्हाला."

"म्हणूनच." ती उंबऱ्यावर बसली. "वखारीत तू पगारी होतास रं. चुकलं असतं तर मालकाचं गेलं असतं, तुझी नोकरी गेली असती, एवढंच. आता तू भागीदार व्हाय निघालास. आज मूठ कडेला ठेवली असती तर उद्याबी ठेवावी लागली असती. मी एक दिवस आजारी पडले की तुझा दोस्त बुडाला. बुडाल्यावर तुला तोंड कुठलं राहिलं असतं?" मग म्हणाली, "मी गेलते त्याच्याकडं. शेतात बसलाय, वांगी तोडत. वांगी कुठली, पाला तोडतोय नुसता."

"काय म्हणाला?"

"शिव्या दिल्या. तुला. मग मला म्हणाला, तुम्ही येणार काय कामाला? मी म्हणाले, पारखीचा रोज मिळाला तर येईन, निवडणीच्या रोजात न्हाय. उघड हुंगीन, समद्यांच्या समोर. चोरून न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवाल्याच्या हाती माझा कागद परत आला. आप्पांनी 'व पारख' हे शब्द आडवी रेघ मारून खोडले होते. नऊ-सातच्या जागी अकरा-पाच. तीनशेचे खरे तर चार आणेही पुरते होत नव्हते. वरचा आणा माझ्या कष्टाचा, असं समासात बारीक अक्षरात होतं. खरेदीच्या कलमात, आक्कानं हुंगल्याशिवाय एकही बोद घ्यायचा नाही, आणि तिचा रोज दुप्पट. चाचणी शिवरात्री ते दसरा, तशीच ठेवलेली. आणि सगळ्यांत खाली दोस्ताच्या थोराड अक्षरात एक नवं कलम: 'ज्याला जे कळत नाही ते त्याने त्याच दिवशी सांगणे. न सांगितल्यास भागी त्याच दिवशी मोडली.'

सही त्यानं केली होती. शेजारी माझी जागा मोकळी होती.

मी बांधलेले कपडे सोडले. पण सुख झालं म्हणावं तर तेही नाही. तो पूर्ण हंगाम दोस्त माझ्याशी कामापुरतंच बोलला. किल्ली द्यायचा, घ्यायचा, हिशेब दाखवायचा. चेष्टा नाही, रं नाही. एकदा बोद खरेदी करताना मला रंगाबद्दल शंका आली तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हे मला कळत नाही." तो म्हणाला, "नववं कलम पाळतोय बघा गडी." आमच्या कागदावर सगळी मिळून आठच कलमं होती, आणि त्याचं ते आठवं. तरी मला हायसं वाटलं.

रोज सकाळी वाटायचं की आज तो वेगळा होणार. दसऱ्याच्या दिवशी शेडच्या दारात आपट्याची पानं घेऊन उभा राहिलो. त्यानं पानं घेतली, मला दिली, आणि म्हणाला, "पुढल्या साली चाचणी-बिचणी लिहू नको रं, कागद वाया जातोय." त्या रं साठी मी सात महिने थांबलो होतो. त्या दिवाळीत बायको-पोरं घाट चढून वर आली.

आक्का पाच हंगाम आमच्याबरोबर राहिली. मग खोकल्यानं तिला सदलग्याला नेलं. ती आता तिथंच, लेकीकडं असते. रोज तिला मिळाला, दुप्पट मिळाला, पण कागदावर ती कामगारच राहिली. भागीदारांत तिचं नाव घालू म्हणून मी एकदा म्हणालो तर आप्पा गप्प बसले आणि दोस्त हसला. आक्काच म्हणाली, "मला काय करायचं ते घेऊन? सूप मिळालं तेवढं बास." त्या वेळी मी गप्प राहिलो, ही माझी चूक. माझं नाक आजही आलेलं नाही, आणि शेडवर जो कोणी हुंगतो तो तिनं शिकवलेलाच असतो.

गेल्या महिन्यात सदलग्याला जाऊन आलो. ती खाटेवर होती, सूप भिंतीला टांगलेलं. म्हणाली, "अजून येत न्हाय व्हय वास?" मी नाही म्हणालो. "बरं हाय," म्हणाली, "माझ्या खोलीला औषधाचा लई वास येतोय."

परवा दोस्ताशी बोललो. आमचा कागद जुना झालाय, घडीवर फाटलाय, नवा करायचाच आहे. माझ्या पाच आण्यांतला एक आणा आक्काच्या नावानं, आणि तिच्यामागं तिच्या लेकीच्या नावानं, भागीदार म्हणून. तिचं पूर्ण नाव त्यात लिहीन. तिनं बजावलंय तरी लिहीन, तेवढं एक ऐकणार नाही. दोस्त अजून 'हो' म्हणालेला नाही. म्हणेल. आक्का, तुमचं देणं मी फेडीन. कधी ते आज सांगता येत नाही, पण तुम्ही सूप हातात धरू शकता तोवरच फेडीन.